प्री-बीडचं आवतण

मी जिनिंग सोसायटीत सचिव म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या अध्यक्षांनी मला बजावलं होतं, "पोरी, इथं कागद कमी अन् माणूस जास्त चालते." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बरं काकाजी, आता माझे कागद कसे चालतात ते पाहाच. स्वभावच तसा माझा. कुणी नियम बाजूला सारला की माझ्या टाळूवर कुणी निखारा ठेवल्यासारखं होतं. घरचे म्हणत, हिला नवरा नको, हिला रजिस्टर द्या.

कापसाची ती वाईट वर्षं. जिल्ह्याचं नाव पेपरात आलं की लोक पानच उलटत. त्यात आमचं जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद पडलेलं. धामणगाव रोडवर, बाभुळगावच्या अलीकडे, टिनाच्या लांबलचक छपराचं ते जिन पन्नास वर्षं चाललं, आणि मागच्या हंगामात तपासणीवाले येऊन सांगून गेले की तुमच्या रुईत कचरा फार येतो, यंत्रं जुनी, जमीन कच्ची; सुधारणा केल्याशिवाय इथं कापूस उतरवायचा नाही. अख्खा हंगाम कुलूप राहिलं. आवारात रुईच्या धुळीऐवजी गाजरगवत माजलं. ते पाहून मला रडूच यायचं.

जिनात चाळीस बाया काम करायच्या. त्यांची एक मुकादमीण होती. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, आवाज असा की गेटावर बोलली तर वजनकाट्यावरच्या माणसाला ऐकू जावं. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही. जिन बंद झालं तशी ती दहा-बारा बायांना घेऊन रोज मालवाहू गाडीतून दूरच्या एका जिनात जाऊ लागली. तिथं नवा सरकता पट्टा होता. पट्ट्यावरून कापूस सरकत जायचा आणि बायांनी त्यातला पालापाचोळा, सुतळी, प्लास्टिक, केस वेचून काढायचे. पण तो पट्टा बसवला होता गुडघ्याच्या जरा वर. दिवसभर वाकून वाकून मावशीच्या पाठीनं जवाब दिला. डॉक्टरनं सांगितलं, असंच वाकत राहिलीस तर पुढच्या वर्षी काम विसर.

ती दर आठवड्याला, बाजाराच्या वाटेवर, एक हात कमरेवर ठेवून ऑफिसच्या पायरीशी उभी राहायची. "मॅडम, कधी सुरू होते आपलं जिन? माह्याच्यानं तिकडं आता होत नाही." मी म्हणायचे, होते, होते. ती म्हणायची, "हे तुमचं 'होते' म्या मांगच्या दिवाळीपासून आयकून राह्यली."

शेवटी त्या उन्हाळ्यात सरकारच्या योजनेतून जिन नवं करायला मंजुरी आली. अट एकच, पण कडक: दसऱ्याच्या आत यंत्रं चालू दिसली पाहिजेत, नाहीतर मंजुरी रद्द. आम्ही जाहिरात दिली, कंपन्यांचे कागद तपासले आणि चार पुरवठादार निवडले. आता त्या चौघांकडूनच निविदा मागवायच्या. त्यातल्या तमिळनाडूच्या कंपनीनं लगेच कळवलं की हातात काम फार आहे, क्षमस्व. उरले तिघे: एक नागपूरचे, एक अकोल्याचे, एक गुजरातचे. आणि पहिल्या फेरीत किमान तीन निविदा आल्या तरच पाकिटं उघडायची, हा नियम. एक जरी गळला तरी फेरनिविदा. फेरनिविदा म्हणजे आणखी दीड-दोन महिने. म्हणजे दसरा गेला, मंजुरी गेली, आणि मावशी पुन्हा त्या गुडघ्याएवढ्या पट्ट्यापाशी. मला झोपेतसुद्धा तीन पाकिटं दिसायची.

निविदेआधी पुरवठादारांना बोलावून शंका फेडायच्या, जागा दाखवायची, याला निविदापूर्व बैठक म्हणतात. आम्ही सगळे प्री-बीडच म्हणायचो. त्याचं निमंत्रणपत्र मी तीन दिवस लिहीत होते. हसा खुशाल. असं पत्र म्हणजे नुसतं 'या' म्हणणं नसतं. विषय, निविदेचा क्रमांक, बैठकीचं ठिकाण सोसायटीचं सभागृह, दिवस सोमवार. सकाळी नऊ ते अकरा जागेची पाहणी, कारण अकरानंतर भारनियमन, छपराखाली अंधार आणि वर मे महिन्याचं टिन. साडेअकराला बैठक. बैठकीत काय काय ते क्रमानं: कामाची व्याप्ती, यंत्रांचे तांत्रिक निकष, पाया आणि वीज, कामाची मुदत, निविदा भरायची पद्धत. प्रत्येक कंपनीचे जास्तीत जास्त दोन प्रतिनिधी, अधिकारपत्रासह, प्रवास स्वखर्चानं. धामणगाव स्टेशनला उतरल्यावर कसं यायचं तेही लिहिलं. प्रश्न लेखीच पाठवायचे, आदल्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. आणि शेवटी माझं लाडकं वाक्य: 'सर्व प्रश्नांची उत्तरे सर्व निवडक पुरवठादारांना एकाच वेळी लेखी कळवली जातील. तोंडी सांगितलेली कोणतीही बाब ग्राह्य धरली जाणार नाही.'

हे वाक्य मी अध्यक्षांना दोनदा वाचून दाखवलं. ते सुपारी कातरत ऐकत होते. म्हणाले, "झकास. पण यात जीव कोठी हाय?"

"काकाजी, हे निविदेचं पत्र आहे."

"पत्रच ना? पत्रिका पाठवली की फोन कराव लागते. नुसत्या कागदावर कोण येते बा?"

मला वाटलं, गंमत करताहेत. पत्र रजिस्टर पोस्टानं गेलं, स्टँडवरच्या दुकानातून फॅक्सही गेला. मी पोचपावत्या चिकटवून फाईल बांधली आणि निर्धास्त झाले.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे लग्नाची पत्रिका मिळाली म्हणून कुणी लग्नाला जात नाही. पत्रिकेनंतर यजमानानं स्वतः जावं लागतं, निदान फोन तरी, आणि म्हणावं लागतं, तुमच्याशिवाय कार्याला शोभा नाही, तुम्ही आलेच पाहिजे. असं घरोघर प्रत्येकाला म्हणायचं. प्रत्येकाला ठाऊक असतं की हे सगळ्यांनाच म्हटलंय. तरी तसं म्हटलं नाही तर राग येतो, अन् जन्मभर सुनावतात: आम्हाले आवतण कुठं होतं?

अध्यक्षांनी आयुष्यात शंभर लग्नं अशी पार पाडलेली. त्यांनी काय केलं असेल? तिघांनाही फोन लावले. घरून, निवांत, पान लावून. आणि मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही.

माझ्या बाजूनं म्हणाल तर शुक्रवारी सकाळी गुजरातवाल्यांचा फॅक्स आला. प्रश्न एकच: तुमच्याकडे वीजभार किती मंजूर आहे, कारण त्यावर मोटरींचा हिशेब बसतो. चांगला प्रश्न. पण मुदत गुरुवार पाचची. मी छाती काढून उत्तर पाठवलं की प्रश्न मुदतीनंतर मिळाल्यामुळे विचारात घेता येत नाही. पाठवताना मला काय आनंद झाला सांगू! वाटलं, याला म्हणतात नियम.

सोमवार उजाडला. मी सातलाच जिनात पोहोचले, तर आवार झाडून, सडा घालून तयार. मावशी आणि तिच्या पाच-सहा बाया. त्या दिवशी खाडा करून आल्या होत्या. "पाहुणे येऊन राह्यले ना? गवतात उभं करता काय त्यायले?" मावशी म्हणाली. मागं चुलीचा धूर दिसला म्हणून गेले, तर गोवऱ्यांच्या अंगारावर रोडगे भाजणं चाललेलं, आणि एका गंजात वांग्याची भाजी. अध्यक्ष धोतराचा सोगा खोचून देखरेख करत होते.

"काकाजी, हे काय?"

"जेवण."

"पुरवठादारांना जेवू घालत नसतात! उद्या कुणी म्हटलं की अमक्याला जास्त तूप वाढलं…"

"म्हणूनच तर तुले बलावलं. तू वाढ. मोजून." आणि हसायला लागले. मी रागानं लाल झाले, पण वांग्याचा वास इतका झ्याक येत होता की रागाला पुरेसं बळ मिळेना. ठरवलं, तिघंही एकाच पंगतीत, एकाच वेळी, आणि बैठक संपल्यावरच.

नऊच्या ठोक्याला तिन्ही गाड्या आल्या. नागपूरचे गोरेपान गृहस्थ, हातात चामड्याची बॅग. अकोल्याचे दोघे भाऊ, दोघांना एकाच वेळी बोलायची सवय. आणि गुजरातचे एक वयस्कर अभियंते, सडसडीत, कमी बोलणारे, मराठी समजणारे, हिंदी बोलणारे. हजेरीपत्रकावर सह्या झाल्या, अधिकारपत्रं तपासली. मी सगळ्यांना आत नेलं. खांबांमधलं अंतर, छपराची उंची, पावसात पाणी कुठून शिरतं, जुनी यंत्रं कुठं उभी आहेत, सगळं दाखवलं. टेप निघाले, वह्या निघाल्या. मला धन्य धन्य वाटत होतं.

बायांना मी 'लांब उभ्या राहा' म्हटलं होतं. पण मावशी आणि लांब? वेचणीच्या पट्ट्याची जागा मी दाखवत होते, लांबी इतकी, रुंदी इतकी. तेवढ्यात मागून आवाज आला, "अन् उची किती?"

सगळे वळले.

"पट्ट्याची उची म्हणतो म्या. आम्ही उभ्यानं वेचू का वाकून?"

मी कागद चाळले. निकषांत लांबी होती, रुंदी होती, वेग होता, रबराची जाडी होती. उंची नव्हती. रात्र रात्र मी तो मसुदा घोटला होता आणि उंची लिहायची राहिली होती. हे मी तज्ज्ञांकडून तपासून घेतलं होतं बरं का. पण पट्ट्यापाशी उभं राहून कधीच न वेचलेले तज्ज्ञ ते.

नागपूरवाले म्हणाले, आमचा दोन फुटांचा असतो. अकोल्याचे भाऊ एकदम म्हणाले, चार, साडेतीन. म्हणजे एकानं चार, दुसऱ्यानं साडेतीन. गुजरातवाल्यांनी मावशीकडे पाहिलं, तिच्या कमरेवरच्या हाताकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"हा प्रश्न मुदतीत आलेला नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. सवय, दुसरं काय! मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की जमिनीनं फाटून मला पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

साडेअकराला बैठक सुरू झाली. भारनियमन झालं होतं, पंखे थांबलेले, दारं-खिडक्या उघड्या. मी पहिला विषय वाचला: कामाची व्याप्ती. यंत्रांचा पाया पुरवठादारानं घालायचा आहे.

नागपूरवाल्यांनी हात वर केला. "पण पाया तर सोसायटी घालून देणार आहे ना? अध्यक्षसाहेबांनी स्वतः फोनवर सांगितलं."

अकोल्याचा थोरला भाऊ म्हणाला, "आम्हाले तर सांगितलं की दिवाळीपर्यंत चालते."

"अन् जुनी यंत्रं आम्हीच घेऊन जायची," धाकट्यानं पुस्ती जोडली.

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते सुपारी शोधत होते, खिशात, टोपीत, सगळीकडे.

मग तिघांच्याही लक्षात एकदमच आलं. नागपूरवाले हळूच म्हणाले, "मला म्हणाले, तुमच्याशिवाय कार्याला शोभा नाही."

"आम्हालेबी हेच म्हणले!" दोघे भाऊ.

"मुझे भी," गुजरातवाले म्हणाले. आणि वही बंद केली. "देखिए मॅडम. मेरा एक सवाल एक दिन लेट हुआ, तो आपने लिखकर मना किया. ठीक है, नियम है. लेकिन यहाँ फोन पे पाया भी तय हो गया, मुदत भी तय हो गई. तो मैं समझ गया कि काम किसको देना है. मैं चलता हूँ." ते उठले.

तीनातला एक उठला होता. दारात मावशी उभी होती, पाण्याचा जग घेऊन. तिला सगळं कळलं असेल असं नाही, पण कुणीतरी उठून चाललं हे कळलं. ती बाजूला सरकली नाही. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी तर घ्या भाऊ." ते थांबले. पाणी नाकारून कोण जाईल?

तेवढ्यात अध्यक्ष उभे राहिले. सत्तरीचा माणूस, टोपी काढून हातात धरली. "बसा बा," ते म्हणाले. "चूक माही हाय. या पोरीनं लिहून देल्लं होतं का तोंडी काही धरू नका. म्याच आयकलं नाही. मले वाटलं पत्र कोरडं हाय, कोणी येईन का नाही. म्हणून आवतण देल्लं. ज्याले जे आवडीन ते म्हणत गेलो. कोणाले काम द्याचं ते माह्या मनातबी नाही, देवाशप्पथ. मले तर तुमची नावंबी नीट आठवत नाहीत."

मग धाकटा अकोलेकर फिसकन हसला. मग नागपूरवाले. आणि शेवटी गुजरातवाल्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "नाम भी नहीं मालूम?" त्यांनी विचारलं. "नाही ना बा!" अध्यक्ष इतक्या कळवळून म्हणाले की सभागृहाला हसू आवरेना. मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, अर्धं हसण्याचं आणि अर्धं घाबरण्याचं.

हसणं ओसरल्यावर मी फळा पुढं ओढला. म्हटलं, "काकाजी, आता फोनवर कुणाला काय काय सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगा. एकही गोष्ट ठेवू नका." ते कान धरलेल्या पोरासारखे उभे राहून सांगत गेले, मी खडूनं लिहीत गेले, आणि प्रत्येक ओळीपुढं सोसायटीचं खरं उत्तर लिहिलं. पाया: पुरवठादारानंच. मुदत: दसऱ्याच्या आधी, दिवाळी नाही. जुनी यंत्रं: सोसायटी स्वतः काढणार, त्यांचा या निविदेशी संबंध नाही. एकाला सांगितलेलं आता तिघांना माहीत, आणि तिघांना उत्तर एकच. मग मी म्हटलं, "हे सगळं इतिवृत्तात येईल. उद्याच तुम्हाला, आणि नकार कळवलेल्या चौथ्या कंपनीलासुद्धा, लेखी जाईल."

गुजरातवाले बसले, पण वही उघडली नाही. "और उंचाई?" ते म्हणाले. "बाई का सवाल भी तो लेट है."

बरोबर होतं त्यांचं. अगदी बरोबर. मी शुक्रवारी ज्या काठीनं त्यांना मारलं होतं तीच काठी आता त्यांनी माझ्या हातात दिली होती. मावशीचा प्रश्न घेतला तर त्यांचा का नाही? आणि नाही घेतला तर तीन कंपन्या तीन उंचीचे पट्टे धरून भाव लावणार, तुलना कशाची करणार, आणि मावशीची पाठ?

मी निविदेचं पुस्तक उघडलं. मीच लिहिलेलं होतं, पाठ होतं, तरी उघडलं. एक कलम होतं: निविदा भरण्याच्या मुदतीपूर्वी सोसायटी स्वतःहून केव्हाही दुरुस्ती किंवा स्पष्टीकरण काढू शकते, आणि गरज पडल्यास मुदत वाढवू शकते. पुरवठादारांच्या प्रश्नांना मुदत होती. आमच्या स्वतःच्या चुका सुधारायला नव्हती. हे मला शुक्रवारीच सुचायला हवं होतं! वीजभार न लिहिणं ही आमचीच चूक होती, आणि मी मुदतीची पाटी दाखवून मिरवत बसले होते. मला माझीच लाज वाटली, आणि ती मी बोलूनही दाखवली.

"साहेब," मी म्हटलं, "तुमचा प्रश्न मी परत पाठवला तो नियमानं बरोबर होता, पण शहाणपणाचा नव्हता. वीजभार आणि पट्ट्याची उंची, दोन्ही आमच्याच कागदात राहून गेलं. म्हणून सोसायटी स्वतःहून शुद्धिपत्रक काढेल, दोन्हीचं. निविदेची मुदत आठ दिवस वाढवू. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. गुजरातवाल्यांनी वही उघडली.

"पण उंची किती लिहायची?" नागपूरवाल्यांनी विचारलं. हा मात्र खरा प्रश्न होता. मी दाराकडे पाहिलं. "मावशी, बायांना बोलवा."

मग जे झालं ते कुठल्या कार्यपद्धतीत बसतं मला माहीत नाही, पण ते मी इतिवृत्तात लिहिलं. सभागृहाच्या मधोमध सहा बाया ओळीनं उभ्या राहिल्या, पदर खोचून, हात कोपरात दुमडून. अकोल्याच्या भावांनी टेप धरला. लाजण्याचा, खिदळण्याचा नुसता गलका. "अवं, श्वास सोड, उची वाढून राह्यली!" "तिले चपला काढायले सांगा!" सगळ्यांत बुटकीचं आणि सगळ्यांत उंच बाईचं माप घेतलं. गुजरातवाले म्हणाले की पट्टा कोपराच्या थोडा खाली हवा, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत आणि पाठही वाकत नाही. आणि पट्ट्याच्या पायांना कमीजास्त करायची सोय हवी, म्हणजे बुटकी आणि उंच दोघींचं भागेल. अकोलेकर म्हणाले, सोपं आहे. नागपूरकर म्हणाले, होईल. पहिल्यांदाच ते तिघं एकमेकांशी बोलत होते, आणि पंगतीतही बोलतच राहिले. तूप मी मोजून वाढलं. अध्यक्षांनी प्रत्येकाला चौथा रोडगा घेण्याचा आग्रह केला, पण अगदी एकाच शब्दांत आणि माझ्याकडे बघत बघत.

दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्त आणि शुद्धिपत्रक टाईप केलं. मावशी आली तेव्हा प्रिंट निघत होती. तिला अक्षरं जेमतेम लागायची. "वाचा ना," ती म्हणाली. मी वाचलं: 'दुरुस्ती क्रमांक दोन. वेचणी पट्ट्याची जमिनीपासूनची उंची पावणेतीन फूट ते तीन फूट, कमीजास्त करता येईल अशी असावी. काम करणाऱ्या महिलांना ताठ उभे राहून वेचणी करता आली पाहिजे.'

"हे म्या म्हणलं ते?"

"तुम्ही म्हणलं ते."

"अन् हे सगळ्यायले लागू?"

"तिघांनाही. लेखी. काम कुणालाही मिळो."

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अन् तिघं भरतीन ना?"

ते मला कुठं माहीत होतं?

निविदेची मुदत दुपारी तीनची होती. मावशी सकाळपासून ऑफिसच्या पायरीवर बसली होती. अकरा वाजता अकोल्याचे भाऊ आले, पाकीट टाकून, पाणी पिऊन गेले. एक वाजता नागपूरचा माणूस. मग काहीच नाही. दोन. सव्वादोन. अध्यक्ष फोनपाशी घुटमळायला लागले. मी फोनवर हात ठेवला. "नाही काकाजी."

"एकच फोन. फक्त विचारतो, निघाले का."

"नाही."

"पोरी, तिची पाठ पाय ना."

पाहिली होती मी तिची पाठ. सकाळपासून पाहत होते. पण तो फोन केला असता तर उरलेल्या दोघांचंही पाकीट खोटं ठरलं असतं. मी हात काढला नाही. आम्ही दोघं तसेच बसलो, फोनवर माझा हात, माझ्या हातावर त्यांचा.

तीनला बारा मिनिटं कमी असताना पायरीवरून मावशीचा आवाज फुटला. "आले! मॅडम, आले ना बा!" ते वयस्कर अभियंते स्वतः आले होते, कंपनीची गाडी वाटेत बंद पडली म्हणून धामणगावहून एसटीनं, घामाघूम, पाकीट शर्टाच्या आत. मी वेळ नोंदवली, सही घेतली, तिसरं पाकीट पेटीत पडलं. तीन.

मी रडले. अध्यक्षांनी टोपी उडवली. मावशी पायरीवरून उठली, दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूहळू सरळ झाली, आणि अभियंत्यांना म्हणाली, "पाणी घ्या भाऊ. आज बसून घ्या."